विषय : चुकीची शुल्कवजावट परत करणे (क्लायंट कोड एसजी ४१७२)

तक्रार निवारण अधिकारी यांस,

५ जूनच्या लेजरमध्ये डिमॅटची वार्षिक देखभाल ₹३०० अधिक जीएसटी ₹५४ वजा झाली आहे. माझं हे एकमेव डिमॅट खातं. होल्डिंग कधीच ₹४ लाखांवर गेलेलं नाही. सेबीच्या १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार अशा बीएसडीए खात्याला ही फी शून्य. साधं खातं ठेवायची संमती मी दिलेली नाही. असल्यास प्रत दाखवा.

शिवाय ९ जूनला डीपी चार्ज ₹१७.७० लागला. तो सौदा इंट्राडे होता, शेअर डिमॅटमधून गेलेच नाहीत!

एकूण ₹३७१.७० लेजरला जमा करा. दरपत्रक पाठवताना ब्रोकरेज, डीपी चार्ज, कॉल-अँड-ट्रेड आणि विलंब व्याज यांतलं तुमचं किती, सरकारी कर किती, हे वेगळं दाखवा. लेजर व काँट्रॅक्ट नोट सोबत आहेत. समाधान न झाल्यास स्कोअर्सवर तक्रार नोंदवेन.

खातेदार, विश्रामबाग, सांगली