ऐंशी, ऐंशी, ऐंशी

सबमिशनच्या आठवड्यात लॅबमध्ये विजेची लहर पडद्यावर दाखवणारे सीआरओ कागदोपत्री तीन होते. एकाचा ट्रेसच उमटत नव्हता, दुसरा एचओडींच्या केबिनमध्ये गेला होता आणि तिथेच रमला होता. उरलेल्या एकाभोवती सगळी बी बॅच कोंडाळं करून उभी. मॅडमनी फळ्यावर नंबर लिहून दिले होते, प्रत्येक ग्रुपला दहा मिनिटं.

सायली आणि ओंकारचा नंबर आकाशच्या ग्रुपनंतर होता. तोवर दोघं लॅपटॉपपुढे बसून होते. ब्रेडबोर्डवरच्या ATmega328P चिपने ९६०० बॉडच्या वेगानं लॅपटॉपला HELLO पाठवायचं होतं. टर्मिनलवर मात्र भलतीच चिन्हं येत होती.

"प्रोग्रॅम सीनियर्सचा आहे. त्यांचा चालला होता," ओंकार म्हणाला.

"चिप त्यांची नाहीये ना. ही आपण परवा नवी आणली."

सायलीनं HELLO काढून सलग 'U' पाठवायला सुरुवात केली. U मध्ये शून्य-एक आलटून पालटून येतात, त्यामुळे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून तारेवर सरळ चौकोनी लहर दिसते, मोजायला सोपी. टर्मिनल हेक्समध्ये टाकलं. 80 80 80 80. चूकसुद्धा इतकी नेमाने येते म्हटल्यावर तिला तार सैल असल्याची शंका सोडून द्यावी लागली.

"ए, झालं आमचं," आकाश उठला. ५५५ टायमरचं रीडिंग घेऊन झालं होतं. "सूत्रानं ६०० हर्ट्‌झ, आमचं ७५० आलं. कपॅसिटरचा टॉलरन्स. मॅडमनी साइन पण केली."

सायलीनं प्रोब लावला. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे लहरीचं एक आवर्तन साधारण २०८. तिनं नॉब पडद्यावरच्या दर घराला ५० मायक्रोसेकंदांवर ठेवला. चार घरांत आवर्तन बसायला हवं होतं. पडद्यावर नुसती सरळ रेघ, मधूनच उडणारी. नॉब मागे फिरवत ती अर्ध्या मिलिसेकंदावर आली तेव्हा कुठे लहर नीट दिसली. एक आवर्तन २.६ घरांचं.

"म्हणजे बिट ०.६५ मिलिसेकंद. सव्वासहा पट हळू," तिनं वहीच्या कोपऱ्यात मांडलं. "सव्वासहा कुठून येईल?"

"सहा मिनिटं झाली तुमची!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ओरडू नकोस रे, प्रोब हलतो."

सव्वासहा तिला पटेना. घड्याळ भागायचं तर दोन, चार, आठ असं भागलं जातं. तिनं प्रोब काढला आणि सीआरओच्या स्वतःच्या कॅलिब्रेशन टोकाला लावला. तिथे १ किलोहर्ट्‌झ मिळतो, अर्ध्या मिलिसेकंदाला दोन घरं यायलाच हवीत. आली १.६.

टाइमबेसच्या नॉबवरचा छोटा लाल नॉब कुणीतरी फिरवून ठेवला होता. तिनं तो कॅलच्या बाजूला टच्‌ आवाज होईपर्यंत वळवला. दोन घरं. पुन्हा आपली लहर: ३.३ घरं. बिट ०.८२ मिलिसेकंद. १०४ नं भागलं तर जवळजवळ आठ.

"ओंक्या, चिपच्या सेटिंगची फ्यूज वाच."

"फ्यूज नको गं. चुकलं तर चिपच बसेल."

"वाचल्यानं काही होत नाही. वाच तर."

```
avrdude -c usbasp -p m328p -U lfuse:r:-:h
```

0x62 आलं. कारखान्यातून येते तशीच सेटिंग: आतला ८ मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर, त्याला आठनं भागणारा CKDIV8 चालू. चिप १ मेगाहर्ट्‌झवर धावत होती आणि प्रोग्रॅममध्ये चिपचा वेग सांगणारा F_CPU होता 8000000UL. सीनियर्सनी त्यांच्या चिपची फ्यूज बदलली असणार आणि फाइल देताना सांगितलं नसणार. 80 चाही उलगडा झाला: आठपट लांबलेल्या एका शून्यात लॅपटॉपचा स्टार्ट बिट आणि पुढचे सात बिट गडप होत होते, आठवा तेवढा एक उरत होता.

"फक्त वरचा एक बिट बदलायचा. 62 चं E2. ऑसिलेटर तोच राहतो, चिप बसणार नाही."

```
avrdude -c usbasp -p m328p -U lfuse:w:0xE2:m
```

ओंकारनं आकडा दोनदा वाचून मग एंटर दाबलं. टर्मिनलवर UUUU ची रांग लागली. HELLO परत घातलं, तेही आलं.

"वेळ संपली, उठा," पुढच्या ग्रुपची प्राजक्ता प्रोब हातात घेत म्हणाली.

"घे. पण हा लाल नॉब बघ आधी. आत्तापर्यंत कॅलवर नव्हता."

आकाश जर्नल बॅगेत घालत होता, तो थांबला. "कधीपासून?"

"ते मला काय माहीत? दोनाची १.६ घरं दाखवत होता. तुझ्या ७५० ला ०.८ नं गुण."

त्यानं मोबाइलवर गुणाकार केला. सहाशे.

"हळू बोल ना," तो कुजबुजला. "साइन झालीय आमची."

पण मॅडम दोन टेबलं सोडूनच उभ्या होत्या. "सकाळपासून कोणाकोणाची रीडिंग्ज झाली या सीआरओवर?" त्यांनी विचारलं. पाच हात हळूहळू वर गेले. "जर्नल्स आणा इकडे. आणि फळा पुसा कुणीतरी, नंबर नव्याने लावू."

"मॅडम, केबिनमधला सीआरओ मागवता येईल का?" सायलीनं विचारलं.

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ओंकारला म्हणाल्या, "जा, माझं नाव सांग. दोघं जा, जड आहे तो."