टांगलेला माणूस: व्हिसाच्या प्रतीक्षेतील वाचन

व्हिसाचा अर्ज देऊन अकरा आठवडे झाले, निर्णय कधी येईल, असे तुम्ही विचारलेत आणि उत्तरादाखल टॅरोच्या पत्त्यांमधले १२ क्रमांकाचे पान, टांगलेला माणूस, सुलट आले आहे. हे पान तारीख सांगत नाही, म्हणून मीही ती सांगणार नाही. १९०९ च्या रायडर-वेट संचातील हे चित्र जवळून पाहा: उजव्या पायाने उलटा लटकलेल्या या माणसाचे हात पाठीमागे आहेत, तरीही चेहऱ्यावर वेदना नाही, मस्तकाभोवती प्रभा आहे, आणि ज्या लाकडाला तो बांधला आहे त्यालाही पालवी फुटलेली आहे. या संचात त्याच्या आधीचे पान न्यायाचे आहे; निवाडा दुसऱ्याच्या हाती गेला आहे, आणि रोज पहाटे अर्जाची स्थिती तपासल्याने तो लवकर होणार नाही. अर्धवट भरलेली बॅग दाराशी ठेवून तुम्ही इथले जगणेही थांबवले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती बॅग रिकामी करा, कपडे कपाटात लावा. अर्जाची चौकशी आठवड्यातून एकदाच, सोमवारी करा, आणि तीनदा पुढे ढकललेली दातांची तपासणी या आठवड्यात उरकून घ्या.