भेंडीचं फूल, उभं कापलेलं (दहावीच्या पोरांसाठी, आकृतीतले आकडे बघत बघत वाचा)

पुस्तकात जास्वंद असते पण आपल्याकडची जास्वंद बी धरताना मी तरी फारशी बघितली नाही, म्हणून तासगावच्या आमच्या रानातलं भेंडीचं फूल घेतलंय. कुळ तेच, जास्वंदीची चुलत बहीणच म्हणा. सकाळी सातला तोडलं, कारण हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटून जातं, मग कापायला काही उरत नाही. दाढीच्या नव्या ब्लेडने देठापासून वर एका दमात कापायचं. माझं पहिलं फूल वाया गेलं, कुक्षीच उडाली, आणि ब्लेडला ते बुळबुळीत लागलं ते वेगळंच.

१. देठ आणि पुष्पासन. सगळं फूल यावर बसलंय, पुढे जा.

२. निदलपुंज. कळीवरचं हिरवं टोपरं. भेंडीत ते एका बाजूने फाटतं आणि नंतर पाकळ्यांबरोबरच गळून पडतं. त्याच्या खाली बारीक हिरव्या दोऱ्यांसारखं दिसतंय त्याला निदल म्हणू नका, मागच्या वर्षी चार जणांनी म्हटलं होतं.

३. दलपुंज. ५ पिवळ्या पाकळ्या, बुडाशी जांभळट लाल डाग. मधमाशीला हाक मारायचं काम.

४. पुंकेसरनळी. मधोमध पांढरट खांब दिसतोय ना, तो एकच दांडा नाही, पुंकेसरांचे वृंत एकमेकांना चिकटून झालेली नळी आहे.

५. परागकोश. नळीवरचे पिवळे दाणे. हे म्हणजे परागकण नव्हेत! हे डबे आहेत, डबा फुटला की आतून जी पिवळी पूड येते ते परागकण. काळ्या शर्टवर फूल झटकून बघा, भेंडीचे कण मोठे असतात, ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी चेंडू. काट्यांमुळे माशीच्या अंगाला पक्के बसतात.

६. कुक्षी. नळीच्या तोंडातून बाहेर आलेले गडद लाल गोंडे. परागकण इथे टेकला की परागण झालं. परागकोश इतके जवळ आहेत की भेंडी स्वतःचे परागकण स्वतःच घेऊ शकते, माशी आली तर दुसऱ्या झाडाचेही मिळतात.

आता लाल पेनाने काढलेली रेघ धरा, खरी गंमत इथून.

७. कुक्षीवृंत. पुंकेसरनळीच्या पोटातून खाली उतरलेला बारीक दोरा. कण कुक्षीवरची ओल पितो, फुगतो आणि त्यातून एक नळी फुटते, परागनलिका. कणात दोन पेशी असतात, मोठी नळी वाढवते, लहान विभागून तिचे दोन पुंयुग्मक होतात. कण स्वतः वरच राहतो बरं का, खाली जाते ती नळी, आणि हे दोघं तिच्यातून प्रवास करतात. बोटाच्या पेराएवढं अंतर, पण कणाच्या मापाने बघितलं तर लांबचा पल्ला.

८. अंडाशय. बुडाशी हिरवा टोकदार कोन, हीच उद्याची भेंडी. कप्पे साधारण ५, म्हणून भाजीची भेंडी आडवी कापली की पंचकोनी चांदणी दिसते.

९. बीजांडं. कप्प्यात ओळीने चिकटलेले पांढरे मणी. शेजारच्या चौकोनात एक मोठं करून काढलंय, त्याला एक बारीक भोक आहे, ते बीजांडद्वार. परागनलिका तिथून आत भ्रूणकोषात शिरते आणि दोन्ही पुंयुग्मक सोडते. एक अंडपेशीशी जुळतो, झाला युग्मनज. दुसरा मधल्या दोन केंद्रकांशी जुळतो, त्यातून भ्रूणपोष, म्हणजे बाळाचा डबा. दोन जुळण्या एकाच वेळी, म्हणून द्विफलन, १८९८ मध्ये नावाशिन यांनी पहिल्यांदा ते लिलीच्या जातीत दाखवलं. शाळूच्या भाकरीचं पीठ बहुतेक भ्रूणपोषच असतं, लक्षात ठेवायला सोपं.

एक बी म्हणजे एक परागकण, हे परीक्षेत बरेच जण विसरतात. एका भेंडीत ४०-५० बिया भरल्या तर तेवढ्या नळ्या वेगवेगळ्या उतरल्या. ज्या बीजांडापर्यंत कुणी पोचलं नाही ते तसंच सुकून राहतं.

१०. बी. युग्मनजाचा भ्रूण, बीजांडाच्या आवरणाचं साल, अंडाशयाची भेंडी. पाकळ्या, परागकोश, कुक्षी सगळं गळून गेलेलं असतं.

कुणीतरी विचारणारच, मग आपल्या थॉमसन द्राक्षात बी का नाही? तिथे फलन होतं, पण बी मध्येच वाढायची थांबते, बेदाणा चावताना कधी कधी बारीक कण लागतो तो तिचाच उरलेला भाग.

शनिवारी येताना प्रत्येकाने एक भेंडी आणा, जून असली तरी चालेल, आडवी कापून कप्पे मोजायचेत. ज्याच्या भेंडीत ५ पेक्षा जास्त निघतील त्याने ती टाकून देऊ नये, मला दाखवा.