शाळेच्या नोटिशीचा मराठी अनुवाद

ताई, नमस्कार. नोटिशीचा फोटो मिळाला. आधी घाईचं सांगते: खालची कापायची चिठ्ठी मंगळवारी, १२ मेला, वर्ग भरायच्या आत बाईंच्या हातात पडायला हवी. मेसेज किंवा फोटो चालणार नाही, कागदच द्या, असं ठळक छापलंय. तारीख 12/05 अशी आहे. शेजारी मंगळवार लिहिलाय, म्हणजे १२ मेच.

नोटिशीतला मजकूर असा:

"प्रिय पालक,

तिसरीची सहल गुरुवार, २१ मे रोजी निसर्गविज्ञान संग्रहालयात जाईल. मुलांनी सकाळी ८.१५ पर्यंत शाळेच्या फाटकापाशी यावे. परतण्याची वेळ दुपारी ३.३०. खर्च शाळा करेल. डबा, पाण्याची बाटली व रेनकोट द्यावा. मोबाइल देऊ नये. सही केलेली चिठ्ठी मुदतीत न आल्यास मुलाला सहलीला नेता येणार नाही. त्या दिवशी त्याला दुसऱ्या वर्गात बसवले जाईल.

सहलीतले फोटो शाळेच्या वेबसाइटवर टाकण्यास परवानगी आहे की नाही, ते चौकटीत खूण करून कळवावे. खूण नसल्यास मुलाचा फोटो टाकला जाणार नाही.

सोमवार, १८ मे रोजी शाळेत दातांची तपासणी होईल. उपचार केले जाणार नाहीत. तपासणी नको असल्यास शुक्रवार, १५ मेपर्यंत लेखी कळवावे. न कळवल्यास संमती आहे असे धरले जाईल.

अ‍ॅलर्जी किंवा आजार असल्यास चिठ्ठीच्या मागे लिहावे. सहलीत औषध द्यायचे असल्यास डॉक्टरांचे पत्र जोडावे. पत्राशिवाय औषध दिले जाणार नाही.

वर्गशिक्षिका"

दातांचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा. सहलीसाठी आणि फोटोसाठी तुम्ही काहीच केलं नाहीत तर उत्तर 'नाही' धरतात, पण दातांच्या बाबतीत गप्प राहिलात तर ते 'हो' होतं. तपासणी चालणार असेल तर काहीच करू नका. नको असेल तर सांगा, दोन ओळी मी त्यांच्या भाषेत लिहून देते, तुम्ही फक्त सही करा.

मला खरी काळजी आहे ती पंपाची. लेकाला दम्याचा पंप लागतो असं तुम्ही म्हणाला होतात. तो औषधातच धरतील असं समजून चाला आणि डॉक्टरांकडे पत्र आजच मागा, कारण ते चिठ्ठीबरोबरच जोडायचंय. पत्रात औषधाचं नाव, किती वेळा आणि कधी द्यायचं, एवढं स्पष्ट असू द्या. चिठ्ठीच्या मागे काय लिहायचं तेही मी लिहून पाठवते, तुम्ही बघून उतरवा.

चिठ्ठीवर मुलाचं नाव, वर्ग, तातडीला लागणारा फोन नंबर आणि सही एवढंच भरायचंय. नंबर दिवसा उचलला जाईल असाच द्या.

सहीच्या खालची बारीक ओळ घडीत गेलीय. 'पालक' एवढाच शब्द वाचता येतो. एकाची सही पुरते की दोघांची हवी, हे बहुधा तिथेच असेल आणि यात अंदाजाने सांगणं बरं नाही. कागद टेबलावर सपाट करून तेवढाच भाग उजेडात जवळून काढून पाठवा. तोवर चिठ्ठी कापू नका.