निर्यात कागदपत्र सहायक पदासाठीच्या तुमच्या अर्जाबाबत

नमस्कार स्नेहल,

मागच्या गुरुवारी आमच्या वाशीच्या कार्यालयात तुम्ही चाचणी आणि मुलाखत दिलीत, तिचा निकाल कळवतो आहे. निर्यात कागदपत्र सहायक या पदासाठी या वेळी तुमची निवड झालेली नाही. पुढच्या फेरीसाठी १०० पैकी किमान ७० गुण लागतात, तुम्हाला ६४ मिळाले. हे कमी पडलेले सहा गुण कुठे गेले ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

मूल्यमापनाचा तक्ता सर्व उमेदवारांसाठी एकच होता. तुमचे गुण असे: कागदपत्रांची अचूकता ३० पैकी १७, सीमाशुल्क नियमांची माहिती २५ पैकी १९, एलसी वाचून समजणं २० पैकी ८, ग्राहकाशी बोलणं १५ पैकी १३ आणि एक्सेल १० पैकी ७. ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बरने यावं लागेल किंवा मध्ये काही काळ नोकरी नव्हती, या गोष्टींना तक्त्यात रकानाच नाही. त्यामुळे तुमचे गुण कमी झाले असतील ही शंका मनात ठेवू नका.

एकूण गुणांच्या प्रमाणात पाहिलं तर सगळ्यात जास्त नुकसान एलसीच्या भागात झालं. प्रश्नातल्या द्राक्षांच्या कंटेनरचं शिपमेंट १२ मार्चचं होतं आणि एलसीची मुदत १० एप्रिलपर्यंत. बँकेत कागद कधीपर्यंत द्यायचे, याचं उत्तर तुम्ही १० एप्रिल लिहिलंत. एलसीत वेगळी मुदत दिलेली नसेल तर यूसीपी ६०० प्रमाणे शिपमेंटपासून २१ दिवसांत कागद सादर करावे लागतात, म्हणजे इथे २ एप्रिल. दुसरं, एलसीतलं मालाचं वर्णन इंग्रजीत जरा ओबडधोबड होतं, ते तुम्ही इन्व्हॉइसमध्ये सुधारून लिहिलंत. एरवी हा गुणच. पण इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलं नाही तर बँक त्रुटी काढते आणि निर्यातदाराचे पैसे अडकतात. तिथे शब्द जसाच्या तसा उतरवायचा, आवडो न आवडो.

अचूकतेच्या भागात दोन चुका महागात पडल्या. इन्व्हॉइस सीआयएफ १८,४०० डॉलरचं होतं. त्यातून भाडं ३,२०० आणि विमा ६० वजा करून शिपिंग बिलात एफओबी १५,१४० यायला हवं होतं. तुम्ही पूर्ण १८,४०० टाकलेत. माल निघून गेल्यावर अशी दुरुस्ती करायची तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज आणि पुराव्यांची धावपळ करावी लागते. व्हीजीएममध्ये तुम्ही फक्त मालाचं एकूण वजन दिलंत, रिकाम्या कंटेनरचं वजन त्यात मिळवायचं राहिलं. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम सक्तीचं आहे, ते दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

आता जमेची बाजू. ताज्या द्राक्षांचा ०८०६१००० हा कोड तुम्ही तोंडपाठ सांगितलात, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचा क्रमही बरोबर होता. आणि ‘निफाडहून चिडलेल्या पॅकहाउस मालकाचा फोन आलाय, गाडी कटऑफला पोहोचत नाही’ या प्रसंगात तुम्ही उगाच माफीनामा न देता आधी बुकिंग नंबर विचारलात, हे तिन्ही परीक्षकांना आवडलं. तो भाग शिकवून येत नाही. बाकीचं येतं.

पुढच्या वेळेसाठी माझं सुचवणं इतकंच: यूसीपी ६०० मधली कलमं १४, १८ आणि २० नीट वाचा, पाठ करायची गरज नाही. इन्कोटर्म्स २०२० मधल्या ११ संज्ञांपैकी निदान एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ यांत भाडं कोण भरतं, विमा कोण काढतो हे पक्कं करा. मग एखादी जुनी एलसी मिळवा (नावं झाकून कुणीही ओळखीचा देईल), तिच्यावरून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलाचा मसुदा स्वतः बनवा आणि चारही कागद शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहा. घड्याळ लावून करा. चाचणीत तुमची शेवटची पंधरा मिनिटं घाईत गेली, आणि अचूकतेच्या भागातल्या दोन्ही चुका त्याच पानांवर आहेत. एक्सेलची काळजी नको, व्हीलूकअप तुम्हाला येतं, फक्त सूत्र खाली ओढताना संदर्भ गोठवायला विसरलात.

द्राक्षांच्या हंगामाआधी, साधारण ऑक्टोबरमध्ये, आम्ही पुन्हा माणसं घेतो. जागा निघेलच असं आज सांगता येत नाही. निघाली आणि तुम्ही अर्ज केलात तर चाचणी याच तक्त्यावर होईल, कागद नवे असतील. तुमची तपासलेली उत्तरपत्रिका बघायची असेल तर याच मेलला उत्तर द्या, कामाच्या दिवशी दुपारी चारनंतर या, अर्धा तास बसून दाखवतो.

कळावे,
प्रमुख, निर्यात कागदपत्र विभाग
वाशी, नवी मुंबई