थकलेल्या ऑर्डरी आणि अडकलेला माल : सोमवार, १४ जुलै, सकाळी ९ पर्यंतची स्थिती

प्रति : ऑपरेशन्स प्रमुख
रत्नागिरी डिस्पॅच

सर, आज एकूण ४१ ऑर्डरी उघड्या आहेत.

| किती दिवस | ऑर्डरी | खूण |
|---|---|---|
| ० ते ३ | २६ | हिरवी |
| ४ ते ७ | ९ | पिवळी |
| ८ ते १४ | ४ | नारिंगी |
| १५ च्या वर | २ | लाल |

दिवस ऑर्डर आल्या तारखेपासून मोजलेत. सिस्टीममध्ये डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलली की मोजणी पुन्हा शून्यावर येते, म्हणून स्क्रीनवर लाल एकही दिसणार नाही.

आज चारच्या आत बघायचं : नागपूर, १२ दिवस. आमरसाचे डबे, १५० पेट्या. गाडी ९ तारखेला भरली, ट्रान्सपोर्टवाल्यानं कोल्हापूरच्या गोदामात माल उतरवला आणि पुढची गाडी लागलीच नाही. फोन केला की "आज निघतेय" एवढंच उत्तर. ई-वे बिल ५ दिवसांचं होतं, आज रात्री १२ ला संपतंय. मुदतवाढ संपण्याच्या आधी ८ तास ते नंतर ८ तास एवढ्याच वेळात मिळते, म्हणजे आज दुपारी ४ ते उद्या सकाळी ८. वाढ ट्रान्सपोर्टवाल्यानंच करायची आहे. मी चारला त्याच्या पाठी लागतो, पण गाडीसाठी त्याच्या मालकाशी तुम्हीच बोलायला हवं; माझ्या फोनला तो दाद देत नाही.

मुंबई, ३ दिवस, तरीही मी लाल केलीय. गोठवलेला पल्प. काल रात्री खेडजवळ रीफरचा कॉम्प्रेसर बंद पडला. गाडी धडधाकट, थंडावा गेला. उणे १८ हवं तिथे पहाटे ड्रायव्हरनं पाठवलेल्या फोटोत उणे ९ दिसतंय. दुसरी रीफर चिपळूणहून निघालीय, पण माल पुढे पाठवायचा की परत आणायचा हे क्वालिटीनं ठरवावं. ग्राहकाला अजून कळवलेलं नाही.

बेळगाव, २३ दिवस. काजूगर, अ‍ॅडव्हान्स आलेला नाही. माल बांधून कोपऱ्यात पडलाय, पावसाळी हवेत तो असा ठेवणं मला पटत नाही. शुक्रवारपर्यंत पैसे नाहीत तर ऑर्डर मोडून माल दुसऱ्याला देऊ का?

पुणे, १६ दिवस. नवीन किमतीचे स्टिकर आले नाहीत. प्रिंटर उद्या म्हणतो. गेल्या मंगळवारीही उद्याच म्हणाला होता.

नारिंगीतल्या उरलेल्या तिन्ही कोकम आगळाच्या आहेत, बाटल्या आज उतरल्या, बुधवारी सुटतील. पिवळ्यांत तुमच्यापर्यंत आणण्यासारखं काही नाही.

बेळगावचा निर्णय आणि कोल्हापूरचा फोन, एवढं दुपारच्या आत झालं तर बरं. खेडच्या गाडीचं तापमान दर दोन तासांनी ग्रुपवर टाकतोय.