गाळा घ्यायच्या आधी पोल टाका
मित्रांनो, समजा तुम्हाला लातुरात क्लासच्या पोरांसाठी पिठलं-भाकरीचा डबा सुरू करायचाय, तर लगेच गाळा, शेगडी, भांडी घेऊ नका. आधी होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाका, पण "आवडेल का" असं विचारू नका राव, त्याला सगळेच हो म्हणतात, "७० रुपयांचा डबा, सोमवारपासून, घेणार का" असं विचारा. मग इन्स्टावर ५०० रुपयांची जाहिरात, २ दिवस, फक्त लातूर शहर, खाली मेसेजचं बटण. लाईक मोजूच नका, आठवड्याचे पैसे आगाऊ कोण देतंय ते बघा, खरी मागणी तीच, आणि त्यात मित्र-पाहुणे धरायचे नाहीत! कुणीच दिले नाहीत तर रेट बदलून परत टाका. डबा सुरूच झाला नाही तर घेतलेले पैसे त्याच दिवशी परत करा.